पडद्यावरचा खटला : कायद्याच्या विद्यार्थ्याने काय पाहावे आणि कसे पाहावे

आपल्या भागातली मुले-मुली अलीकडे मोठ्या संख्येने विधी शाखेकडे वळत आहेत. धुळ्याला किंवा जळगावला कॉलेज, सुटीत दोंडाईचाला घर, आणि हातात कलमांनी भरलेली जाड पुस्तके. अशा विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : "करमणूकही होईल आणि खटला खरोखर कसा चालतो तेही कळेल, असा एखादा सिनेमा किंवा नाटक सांगा ना !" प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिला आहे. लेखक वकील नाही. पण बँकेत नोकरी करणाऱ्यास न वटलेल्या चेकच्या खटल्यात खातेउतारा घेऊन साक्षीला जावे लागते, कोर्टाच्या बाकावर दिवस दिवस बसावे लागते. त्या बाकावरून जे दिसते आणि पडद्यावर जे दाखवतात, त्यांत अंतर किती, याचा हा थोडासा हिशोब आहे.

पहिले उत्तर एका शब्दाचे आहे : 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे यांनी दिग्दर्शित केलेला हा मराठी चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. यात लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. त्यांचे २०२१ साली निधन झाले. चित्रपटाचे संगीत संभाजी भगत यांचे आहे. आपल्या वस्त्यांमध्ये ज्यांनी शाहिरी जलसे ऐकले आहेत, त्यांना यातला मंच, डफ आणि समोरची गर्दी ओळखीची वाटेल. परंतु आपण आज तो कलेसाठी नव्हे, खटल्यासाठी पाहणार आहोत.

कथा अशी : मुंबईत वासुदेव पवार नावाचा सफाई कामगार गटारीच्या मॅनहोलमध्ये मृतावस्थेत सापडतो. त्याच्या काही दिवस आधी त्याच्या वस्तीजवळ कांबळे यांचा कार्यक्रम झालेला असतो. पोलिसांचे म्हणणे असे की, मॅनहोलमधल्या कामगारांनी गटारीत गुदमरून जीव द्यावा, अशा आशयाचे गाणे कांबळे यांनी म्हटले, ते ऐकून पवारने आत्महत्या केली. म्हणून शाहिरावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा. चित्रपटाच्या वेळी हे भारतीय दंड संहितेचे कलम ३०६ होते. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झाले आणि आता तेच भारतीय न्याय संहितेचे कलम १०८ आहे. शिक्षा दोन्हीकडे दहा वर्षांपर्यंत. जुने खटले जुन्या कलमांनी चालू आहेत, तेव्हा विद्यार्थ्याला दोन्ही आकडे पाठ हवेत.

आता चित्रपट थांबवून वहीत एक प्रश्न लिहा : सरकार पक्षाला इथे नेमके काय काय शाबीत करायचे आहे ? तीन गोष्टी आहेत. पहिली, पवारने आत्महत्या केली. म्हणजे मृत्यू अपघाती नव्हता. दुसरी, कांबळे यांनी ते गाणे त्या दिवशी, त्या ठिकाणी म्हटले. तिसरी, ते म्हणणे म्हणजे कायद्याच्या अर्थाने चिथावणी होती. केवळ बोललेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. समोरच्याने ती कृती करावी म्हणून त्याला प्रवृत्त करणे, डिवचून पुढे ढकलणे, असा काही भाग त्यात लागतो. या अर्थाचे विवेचन सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य या निकालात केले आहे. तीनही कड्या शाबीत झाल्या तर साखळी पूर्ण होते. एक तुटली तर आरोपी सुटतो. चित्रपटातील प्रत्येक साक्ष पाहताना "ही साक्ष कोणत्या कडीसाठी आहे ?" एवढेच विचारावे. निम्मा पुरावा कायदा इथेच समजतो.

उदाहरणार्थ, सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) कांबळे यांच्या जुन्या लिखाणाकडे, विचारांकडे आणि तुरुंगातील एका मित्राच्या पत्राकडे न्यायालयाचे लक्ष वेधतात. ऐकायला ते भारदस्त वाटते. पण वरच्या तीन कड्यांपैकी एकीलाही ते धरत नाही. माणूस सरकारवर टीका करतो, एवढ्यावरून गटारीतला मृत्यू ही आत्महत्या ठरत नाही. न्यायालयात नेहमी आढळणारी ही गोष्ट आहे : मुद्द्याचा पुरावा कमी असला की आरोपी कसा माणूस आहे यावर भर वाढतो. विद्यार्थ्याने ती ओळखायला शिकावे, कारण उद्या तो कोणत्याही बाजूला उभा असेल.

पहिली कडी सर्वांत कच्ची निघते, आणि ती कोणा तज्ज्ञामुळे नव्हे तर मयताच्या पत्नीमुळे. तिची साक्ष हा या चित्रपटाचा गाभा आहे. ती साध्या शब्दांत सांगते की, नवरा गटारीत उतरण्यापूर्वी दारू प्यायचा, कारण ती घाण शुद्धीत सहन होत नसे. सुरक्षेची साधने मिळत नसत. कामातच त्याचा एक डोळा गेला होता. आत हवा आहे की नाही हे तो झुरळे दिसतात का यावरून ताडायचा. तिला आत्महत्या, चिथावणी, कलम, काहीच माहीत नाही. ती फक्त नवऱ्याचा दिनक्रम सांगते, आणि त्या दिनक्रमातूनच मृत्यूचे दुसरे, अधिक सरळ कारण उभे राहते : विषारी वायू आणि साधनांचा अभाव. येथे धडा असा की, चांगला साक्षीदार निष्कर्ष सांगत नाही, पाहिलेले सांगतो. निष्कर्ष काढणे हे वकिलाचे आणि न्यायाधीशाचे काम. सुरक्षेची साधने न देता माणसाला गटारीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. मात्र चित्रपटातील कोर्टात कामाला लावणारा आरोपीच्या पिंजऱ्यात नाही, गाणारा आहे. हे कोणी भाषण करून सांगत नाही. कोण पिंजऱ्यात आहे हे पाहिले की पुरे.

दुसऱ्या कडीसाठी सरकार पक्षाचा एक साक्षीदार आहे, जो म्हणतो की मी कार्यक्रमाला हजर होतो आणि गाणे ऐकले. बचावाचे वकील विनय वोरा (विवेक गोम्बर) हे दाखवून देतात की, याच पोलीस अधिकाऱ्याच्या इतर तपासांतही हाच मनुष्य साक्षीदार आहे. बार रूममध्ये अशा माणसाला 'ठरलेला साक्षीदार' किंवा 'स्टॉक विटनेस' म्हणतात. येथे उलटतपासणीचा एक भाग जरा सविस्तर पाहू, कारण सिनेमात तो झटकन जातो आणि पुस्तकात तो रुक्ष वाटतो.

समजा, अशाच एका खटल्यात साक्षीदार कोर्टात म्हणतो, "मी ती ओळ स्पष्ट ऐकली." पोलिसांनी तपासात त्याचा जो जबाब लिहून घेतला आहे (जुने कलम १६१, नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम १८०), त्यात मात्र ओळीचा उल्लेखच नाही. नवशिका वकील लगेच ओरडेल, "तुम्ही खोटे बोलता !" साक्षीदार म्हणेल, "नाही." आणि विषय तिथेच संपेल. अनुभवी वकील तसे करत नाही. तो आधी साक्षीदाराकडून शांतपणे वदवून घेतो की, पोलिसांनी जबाब घेतला, तो वाचून दाखवला, महत्त्वाचे सर्व सांगितले होते. मग विचारतो, "ओळ ऐकल्याचे तुम्ही पोलिसांना सांगितले होते ?" साक्षीदार म्हणतो, "होय, सांगितले होते." आता जबाबात ते का नाही, याचे कारण विचारले जाते, आणि उत्तर नोंदले जाते : "कारण सांगता येत नाही." काम अजून पूर्ण झालेले नाही. पोलिसांसमोरचा जबाब हा स्वतः पुरावा नसतो. त्याचा उपयोग फक्त साक्षीदाराच्या विसंगतीसाठी होतो. म्हणून पुढे तपासी अधिकारी पिंजऱ्यात येतो, तेव्हा त्याला विचारावे लागते, "या साक्षीदाराने ओळ ऐकल्याचे तुम्हाला सांगितले होते काय ?" तो "नाही" म्हणाला की वगळणूक शाबीत झाली. हा दुसरा प्रश्न विचारायला वकील विसरला, तर पहिल्या दिवशीची सगळी मेहनत निकालपत्रात उतरत नाही. तेव्हा विसंगती दोन टप्प्यांत आणि दोन साक्षीदारांकडून शाबीत होते. पडद्यावर ती एका संवादात होते.

आता सर्वांत कमी लक्ष दिले जाते अशी गोष्ट. 'कोर्ट' पाहताना न्यायाधीश सदावर्ते यांच्या तोंडाकडे पाहा. साक्षीदार बोलतो, मग न्यायाधीश तेच आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगतात, आणि टंकलेखन होते. सत्र न्यायालयात पुरावा नोंदवण्याची हीच पद्धत आहे : साधारणपणे प्रश्न आणि उत्तर वेगवेगळे लिहीत नाहीत, सलग निवेदनाच्या स्वरूपात लिहितात. साक्षीदार पाच वाक्ये बोलला आणि नोंदीत दीड वाक्य आले, तर वरच्या कोर्टापुढे ते दीड वाक्यच जाते. साक्षीदाराचा चाचपडण्याचा आवाज, त्याने खाली घातलेली मान, यांपैकी काहीही कागदावर आपोआप येत नाही. म्हणून जागरूक वकील मध्येच उठून "महोदय, हे वाक्य असे नोंदवावे" अशी विनंती करतो. महत्त्वाचे उत्तर असेल तर प्रश्नोत्तराच्या स्वरूपात घ्यावे, असेही सुचवतो. बँकेच्या साक्षीतही हा अनुभव येतो : खातेउताऱ्यावरचा शिक्का, त्याच्या प्रमाणित प्रतीवरची सही, हे नोंदीत आले की नाही ते सही करण्यापूर्वी वाचून पाहावे लागते. साक्ष संपल्यावर नोंद साक्षीदाराला वाचून दाखवतात, तो क्षण वाया घालवू नये.

जामिनाचा प्रवासही नीट पाहा. सुरुवातीला कांबळे यांचा जामीन नाकारला जातो. साक्षी होतात, पत्नीची साक्ष होते, आणि मग तो मंजूर होतो. म्हणजे बदलली ती न्यायालयासमोरची सामग्री. जामीन म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे, ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते. परंतु घरच्यांना ती समजावून सांगताना अनेकांची जीभ अडखळते. पुढे कांबळे यांना पुन्हा अटक होते, या वेळी बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, ज्याला 'यूएपीए' म्हणतात. या कायद्यातील गंभीर कलमांखाली जामिनाची फूटपट्टीच वेगळी आहे : कागदपत्रे पाहून आरोप सकृत्दर्शनी खरा मानण्यास वाजवी कारण आहे असे न्यायालयाचे मत झाले, तर जामीन देता येत नाही. त्यामुळे पहिल्या खटल्यात मिळालेला जामीन दुसऱ्यात उपयोगी पडत नाही. तेवढ्यात उन्हाळ्याची सुटी येते आणि न्यायालय बंद होते. आपण निकालाची वाट पाहत बसतो. निकाल येत नाही. कोर्टाच्या खोलीतले दिवे मालवले जातात, आणि चित्रपट न्यायाधीशांच्या सहलीत संपतो. ज्यांना शेवटचे भाषण आणि टाळ्या हव्या असतात त्यांचा येथे विरस होतो. पण बाकावर बसणाऱ्या पक्षकाराला विचारा. त्याला हा शेवट अगदी ओळखीचा वाटेल.

करमणूक कुठे आहे, असे कोणी विचारेल. ती बारीकसारीक गोष्टींत आहे. बाह्यांशिवायचा पोशाख केलेल्या बाईचे प्रकरण त्या कारणावरून घेतले जात नाही. सरकारी वकील संध्याकाळी लोकलने घरी जातात आणि स्वयंपाकाला लागतात. बचावाचे वकील मात्र दुकानातून महागडे पदार्थ घेऊन घरी परततात. त्यांची मराठी कच्ची, न्यायालयात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही भाषा फिरतात. यांपैकी कोणीही खलनायक नाही. ते सगळे आपापले काम करतात, आणि त्या कामांची बेरीज म्हणजे एका म्हाताऱ्या शाहिराची कैद. हसू येते, आणि दोन मिनिटांनी ते का आले याचा विचार करावा लागतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हा चित्रपट म्हणजे फौजदारी प्रक्रियेचे संपूर्ण पुस्तक नव्हे. दोषारोप ठेवण्याचा टप्पा, शेवटी न्यायाधीशांनी आरोपीला पुराव्यातील प्रत्येक प्रतिकूल गोष्टीबद्दल विचारण्याचा टप्पा (जुने कलम ३१३, नवीन ३५१), अंतिम युक्तिवाद, निकालपत्र, यांच्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. त्यासाठी धुळ्याच्या सत्र न्यायालयात एक दिवस बसावे. खटला खुल्या न्यायालयात चालतो, बंद दाराआड चालवायची काही ठरावीक प्रकरणे सोडली तर कोणालाही मागच्या बाकावर बसता येते. मोबाइल बंद ठेवावा आणि न्यायाधीश आल्यावर उभे राहावे, एवढे पाळले की झाले.

दुसरी शिफारस अगदी वेगळ्या प्रकारची आहे. विजय तेंडुलकर यांचे 'शांतता ! कोर्ट चालू आहे' हे १९६७ सालचे नाटक. त्यावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली चित्रपट केला, आणि दोन्हीत लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. काही हौशी कलावंत वेळ घालवण्यासाठी खोटा खटला रचतात आणि आपल्यातल्याच एका शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. खेळ म्हणून सुरू झालेला प्रकार तिच्या खऱ्या आयुष्यात घुसतो. हे नाटक खटल्याची खरी रीत दाखवत नाही. ते रीत मोडली की काय होते ते दाखवते. म्हणून विद्यार्थ्यांना एक खेळ सुचवतो : वाचताना किंवा पाहताना चुका शोधा.

सुखात्मे नावाचा एकच गृहस्थ फिर्यादी पक्षाचाही वकील आणि आरोपीचाही. म्हणजे आरोपीला वकीलच नाही. सामंत साक्ष देताना हातातल्या कादंबरीतला मजकूर घडलेली गोष्ट म्हणून सांगतो. म्हणजे पुराव्याला मूळच नाही. बाकीचे जे सांगतात त्यात ऐकीव गोष्टी आणि तर्क यांचे मिश्रण आहे. न्यायाधीशाच्या आसनावरचे काशीकर स्वतःच साक्षीदार होऊन पिंजऱ्यात जातात आणि परत येऊन निर्णय देतात. ज्या प्राध्यापकाचा संबंध सर्वांत जवळचा, तो दामले नाटकात एकदाही येत नाही. म्हणजे सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार तपासलाच गेला नाही. आणि बेणारेला बोलायला मिळतात ती दहा सेकंदे. मी दिलेल्या या यादीत तुम्हाला आणखी भर घालता येते का पाहा. पुस्तकात 'नैसर्गिक न्यायाची तत्त्वे' असा जो रुक्ष मथळा असतो, त्याचे प्रत्येक कलम इथे एका माणसाच्या चेहऱ्यावर तुटताना दिसते.

परदेशी चित्रपटांतला १९५७ चा '१२ अँग्री मेन' आणि त्यावर बेतलेला बासू चटर्जी यांचा १९८६ चा हिंदी 'एक रुका हुआ फैसला' हे दोन्ही जरूर पाहा, पण एक लक्षात ठेवून. त्यांत बारा ज्युरी खोलीत बसून निर्णय करतात. आपल्याकडे कमांडर नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटले, सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, शिक्षा झाली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्युरी पद्धत आपल्याकडून हळूहळू गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. म्हणजे १९८६ चा हिंदी चित्रपट आपल्याकडे नसलेल्या गोष्टीवर आहे. त्यातून घ्यायचे ते एवढेच : वाजवी शंका म्हणजे काय. सुऱ्याचा नमुना, साक्षीदाराचा चष्मा, म्हाताऱ्याची चाल, अशा एकेका तपशिलावर शंका उभी राहते. "मला वाटते" एवढ्यावर नाही. हे माप आपल्या न्यायाधीशालाही तितकेच लागू आहे.

शेवटी पाहण्याची रीत. 'कोर्ट' दोनदा पाहावा. पहिल्यांदा कथेसाठी, मध्ये न थांबता. दुसऱ्यांदा वही घेऊन. वहीत चार रकाने आखावेत : तारखेला कोण हजर होते, काय काम झाले, ते तीनपैकी कोणत्या कडीचे होते, आणि पुढची तारीख का पडली. चित्रपट संपल्यावर चौथा रकाना वाचा. साक्षीदार नाही, कागद नाही, वकील दुसरीकडे आहेत, सुटी आली. अशी कारणे तेथे दिसतील. यानंतर तोच तक्ता घेऊन धुळ्याच्या न्यायालयात एक दिवस काढावा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहावेत. ज्याचा पक्षकार गरीब आहे, त्या वकिलाला या चौथ्या रकान्याचा अभ्यास पहिल्या तीनपेक्षा जास्त उपयोगी पडतो. कारण प्रत्येक तारखेला त्या माणसाची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे जाते, आणि ती रक्कम कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते.